दहाव्या मजल्याचं भोगवटापत्र

सप्टेंबर 2023 च्या शेवटच्या आठवड्यात बिल्डरच्या ऑफिसमधून फोन आला. "मॅडम, अभिनंदन! दसऱ्याला चावी देतोय. उरलेले पाच टक्के तेवढे भरून टाका." फोन ठेवला आणि मी खरंच रडले. तीन वर्षं भाडं आणि हप्ता दोन्ही भरत होतो. मुलीला तिची खोली कोणत्या रंगाची हवी हेही ठरलं होतं. पुण्याच्या पश्चिमेला, पार्किंगवर अकरा मजले, बी विंग, फ्लॅट 1003. करारात किंमत 72 लाख आणि ताब्याची तारीख 30 सप्टेंबर 2023. म्हणजे उरलेले पाच टक्के झाले 3 लाख 60 हजार.

मी एका कारखान्यात अकाउंट्स बघते, त्यामुळे पैसे सोडण्याआधी कागद मागायची सवय आहे. मी विचारलं, "ओसी आली का?" उत्तर आलं, "सीसी आलीये मॅडम, पाठवते." पाच मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ आली. वर पालिकेचं नाव, शिक्का, सही, सगळं होतं. नवरा म्हणाला, "झालं की मग." मला मात्र तारीख खटकली. कागद 2020 चा होता. आमच्या इमारतीचा पायासुद्धा तेव्हा खणलेला नव्हता.

हा घोळ आपल्याकडे फार होतो, म्हणून आधी तोच सांगते. महाराष्ट्रात बांधकामाच्या धंद्यात सीसी म्हणतात ते कमेन्समेंट सर्टिफिकेट, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी. इतर काही राज्यांत सीसी म्हणजे कम्प्लिशन, बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला. आणि पुण्यात जुनी माणसं ओसीलाच "कम्प्लिशन" म्हणतात. त्यामुळे "सीसी आली" हे वाक्य खोटं नसतं, पण त्यातून राहायला जाण्याची परवानगी मिळाल्याचा अर्थ निघत नाही. आपल्याला हवं असतं ते भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजेच भोगवटापत्र किंवा ओसी. जागेवरचं काम मंजूर नकाशाप्रमाणे झालंय हे तपासून, लोकांनी इथे राहायला हरकत नाही असं पालिका लेखी देते, तो हा कागद.

मी परत फोन केला आणि "भोगवटापत्र" हाच शब्द वापरला. दोन दिवसांनी दुसरी पीडीएफ आली. या वेळी मथळ्यातच लिहिलं होतं की प्रकल्पाचं काम पूर्ण झालं आहे. पण खाली सही होती ती आर्किटेक्टची. हा महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या, नमुन्यातला फॉर्म 4 होता. काम पूर्ण झाल्यावर प्रकल्पाच्या आर्किटेक्टनं द्यायचा दाखला. तो खरा असतो, महारेराच्या संकेतस्थळावर चढवलेलाही असतो. पण आर्किटेक्ट बिल्डरनं नेमलेला असतो, आणि राहायला जायची परवानगी पालिकेची लागते. आर्किटेक्टनं "झालं" म्हटल्यावर पालिकेची माणसं येऊन बघणार, अग्निशमन दलाचं अंतिम ना-हरकत पत्र बघणार आणि मग भोगवटापत्र देणार किंवा त्रुटी काढून अर्ज परत पाठवणार. हे सगळं फॉर्म 4 च्या नंतरचं.

त्याच रात्री मी महारेराच्या साइटवर आमचा प्रकल्प उघडला. करारावर P521 नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक होता, तो टाकला. कागदपत्रांच्या यादीत 2020 ची कमेन्समेंट, 2022 ची सुधारित कमेन्समेंट, फॉर्म 4, आणि शेवटी ऑगस्ट 2023 चं भोगवटापत्र दिसलं. क्षणभर वाटलं, आपण उगीच संशय घेतला. डाउनलोड केलं. पालिकेचाच कागद, जावक क्रमांक, तारीख, अधिकाऱ्याची सही, सर्व्हे नंबर आमचाच, विंग बी. मग ती ओळ वाचली. "पार्किंग + 1 ते 9 मजले, एकूण 36 सदनिका." एका मजल्यावर चार फ्लॅट, नऊ मजल्यांचे छत्तीस. आमचा मजला दहावा.

हे अंशतः भोगवटापत्र होतं, पार्ट ओसी. ते बेकायदा नसतं. इमारतीचा एखादा भाग पूर्ण आणि सुरक्षित असेल तर तेवढ्यापुरतं देता येतं. पण ज्या मजल्यांचा त्यात उल्लेख नाही, त्यांच्यासाठी तो कागद नसल्यासारखाच. खालच्या मजल्यावरचे लोक हाच कागद दाखवून हक्कानं राहायला येणार आणि आम्ही त्याच लिफ्टनं वर जाऊन विनापरवाना राहणार, असा प्रकार.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाऊन विचारलं. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "वरच्या दोन मजल्यांची ओसी आठ-पंधरा दिवसांत येतेय. तोवर तुम्ही फिट-आउटसाठी चावी घ्या. फर्निचरचं काम होऊन जाईल, तुमचाच वेळ वाचेल." आणि त्यांनी 500 रुपयांच्या स्टॅम्पपेपरवरचं हमीपत्र पुढे केलं. मी ते तिथेच बसून सगळं वाचलं. चार मुद्दे होते. सदनिकेचा ताबा समाधानपूर्वक मिळाला. आजपासून मेंटेनन्स सुरू. उरलेली पूर्ण रक्कम अदा केली. आणि भोगवटापत्राबाबत किंवा ताब्याच्या विलंबाबाबत आमची कोणतीही तक्रार नाही व पुढेही राहणार नाही.

पहिला आणि चौथा मुद्दा एकत्र वाचला की चावीची घाई कळते. रेरा कायद्याच्या कलम 18 प्रमाणे करारातली तारीख उलटली की, आपण प्रकल्पात राहणार असू तर, प्रत्यक्ष ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज बिल्डरनं द्यायचं असतं. आम्ही 95 टक्के, म्हणजे 68 लाख 40 हजार भरून बसलो होतो. त्यावरचं व्याज महिन्याला अर्ध्या लाखाच्या वर जातं. 30 सप्टेंबर तोंडावर आली होती. "फिट-आउट" नावानं चावी घेऊन "ताबा मिळाला" यावर सही केली असती, तर तो हिशेब सुरू व्हायच्या आत आम्हीच बंद केला असता.

मी सही न करता हमीपत्राची झेरॉक्स मागितली. मिळाली नाही, पण मोबाइलवर फोटो काढू दिला.

माझे मामा नगररचना खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेत. त्यांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "नकाशा बघितलास?" मी म्हटलं, "मामा, ओसीच मिळेना, नकाशा कुठून बघू?" ते म्हणाले, "अगं, ओसी म्हणजे दोन पानांचं पत्र नव्हे. त्याला शिक्का मारलेला नकाशा जोडलेला असतो. पत्र सांगतं राहायला जा. काय काय तुझं आहे, ते नकाशा सांगतो. सोमवारी तीनला पालिकेत ये."

सोमवारी तीनला, कारण तेव्हा पालिकेत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात नागरिकांना फायली बघता यायच्या. ही पद्धत पुण्यात आधीपासून होती. 2018 मध्ये राज्य सरकारनं परिपत्रक काढून ती इतर स्थानिक संस्थांनाही सांगितली. जिथे अशी सोय असेल तिथे, माहिती अधिकारात अर्ज करून तीस दिवस थांबण्याआधी ही पायरी करावी असं मी आता सगळ्यांना सांगते. आम्ही 9 ऑक्टोबरला गेलो. बांधकाम परवानगी विभागात सर्व्हे नंबर आणि कमेन्समेंटचा क्रमांक दिला. हे दोन आकडे सोबत नसतील तर फाइल शोधणं अवघड होतं, म्हणून करारातलं ते पानच झेरॉक्स करून नेलं होतं. अर्ध्या तासानं फाइल टेबलावर आली. दोरीनं बांधलेली, चांगली वीतभर जाड.

मामांनी पत्रांकडे बघितलंच नाही. घडी घातलेला मोठा नकाशा बाहेर काढून टेबलावर पसरला आणि बोट थेट इमारतीच्या डाव्या बाजूला ठेवलं. "हे साइड मार्जिन. सहा मीटर. बंब फिरायला मोकळं ठेवायचं. इथे काय आहे जागेवर?"

मला आठवलं आणि पोटात गोळा आला. जागेवर तिथे पत्र्याच्या शेडखाली गाड्या लावायच्या जागा होत्या. पिवळ्या पट्ट्या, वर क्रमांक रंगवलेले. करारात आमचं पार्किंग बी-38. तेही त्याच रांगेत होतं. नकाशात तिथे काहीच नव्हतं, नुसती कोरी पट्टी आणि कडेला 6.00 हा आकडा. पार्किंगचे चौकोन मोजले. बी विंगच्या वाट्याला तळमजल्यावर 34 होते. 38 क्रमांकाचा चौकोन नकाशात कुठेही नव्हता.

मग पत्रं वाचली, आणि वरच्या दोन मजल्यांचं कोडं सुटलं. मूळ मंजुरी नऊ मजल्यांची होती. दहावा-अकरावा 2022 च्या सुधारित मंजुरीत वाढला. वाढीव दोन मजल्यांच्या भोगवटापत्रासाठी अर्ज गेला, तेव्हा पाहणीत मार्जिनमधल्या शेड्स दिसल्या आणि पालिकेनं त्रुटीपत्र काढलं. शेड्स काढा, मार्जिन मोकळं करा, वाढीव मजल्यांसाठी अग्निशमनचं अंतिम ना-हरकत पत्र जोडा, मग फेरपाहणी. पत्राची तारीख होती 4 सप्टेंबर. म्हणजे "आठ-पंधरा दिवसांत येतेय" असं आम्हाला सांगितलं जात होतं, तेव्हा हे पत्र तीन आठवडे जुनं होतं आणि शेड्स जागेवरच उभ्या होत्या.

रविवारी साइटवर जाऊन मामांनी टेप लावली. भिंतीपासून शेडच्या खांबापर्यंत साडेतीन मीटर. तिथे उभं राहून मी वर दहाव्या मजल्याकडे पाहिलं. आमच्या गॅलरीचं रेलिंग दिसत होतं. आग लागली तर बंब याच वाटेनं आत येणार होता आणि मी स्वतः तिथे माझी गाडी लावणार होते. माझ्या मुलीची खोली त्याच बाजूला आहे. तोपर्यंत मला हा सगळा पैशाचा आणि तारखांचा प्रश्न वाटत होता. त्या दिवशी तो बदलला.

त्याच आठवड्यात मी तीन गोष्टी केल्या. बँकेला लेखी कळवलं की माझ्या सहीच्या विनंतीशिवाय शेवटचा हप्ता बिल्डरला सोडू नये. माहिती अधिकारात, जोडपत्र अ मध्ये, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून त्रुटीपत्राची, दोन्ही मंजूर नकाशांची आणि अंशतः भोगवटापत्राची साक्षांकित प्रत मागितली. फाइल आधी पाहिलेली असल्यामुळे कोणत्या तारखेचं कोणतं पत्र हवं ते नेमकं लिहिता आलं, त्यामुळे मोघम उत्तर आलं नाही. आणि बिल्डरला रजिस्टर्ड पोस्टानं पत्र पाठवलं, तेच ईमेलनंही.

त्यांचं उत्तर कडक आलं. पंधरा दिवसांत ताबा घ्या, नाहीतर दरमहा होल्डिंग चार्जेस लागतील, करारात तशी तरतूद आहे. करार काढून पाहिला. पंधरा दिवसांचं कलम खरंच होतं. पण त्याच्या वरचं वाक्य असं होतं की भोगवटापत्र मिळाल्यापासून सात दिवसांत बिल्डरनं लेखी ताबा देऊ करायचा, आणि त्या नोटिशीपासून खरेदीदाराचे पंधरा दिवस मोजायचे. शेवटच्या हप्त्यापुढेही "भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर, ताब्याच्या वेळी" असंच लिहिलेलं होतं. रेरा कायद्याच्या कलम 19 मध्येही खरेदीदारानं ताबा घ्यायची दोन महिन्यांची मुदत भोगवटापत्राच्या तारखेपासून चालू होते. आणि फ्लॅटविक्रीबाबतचा महाराष्ट्राचा 1963 चा जुना मोफा कायदा तर बिल्डरला थांबवून थांबत नाही. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्याशिवाय कोणीही फ्लॅटचा ताबा घेऊ नये, असं तो घेणाऱ्यालाही सांगतो. मी एवढंच लिहिलं की दहाव्या मजल्याचं भोगवटापत्र ज्या दिवशी मिळेल, त्या दिवसापासून माझे पंधरा दिवस मोजा.

होल्डिंग चार्जेसचं पत्र पुन्हा आलं नाही.

घरात मात्र ताण होता. सासूबाई दसऱ्याला कलश ठेवायचा म्हणून आस लावून बसल्या होत्या. माझ्याच मजल्यावरच्या 1001 च्या कुटुंबानं हमीपत्रावर सही करून चावी घेतली, त्यांचं स्वयंपाकघर सुरू झालं. नवऱ्याचं म्हणणं होतं, "सगळे घेतायत, आपणच कशाला अडून बसायचं? ओसी आज ना उद्या येईलच." मी त्याला सर्वोच्च न्यायालयाचा 11 जानेवारी 2022 चा निकाल वाचायला दिला. मुंबईच्या समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या लोकांनी 1997 मध्ये ताबा घेतला होता, भोगवटापत्राशिवाय. त्यानंतर वर्षानुवर्षं ते 25 टक्के जादा मालमत्ता कर आणि 50 टक्के जादा पाणीपट्टी भरत राहिले. भोगवटापत्र न मिळवणं ही बिल्डरच्या सेवेतली त्रुटी आहे असं न्यायालयानं शेवटी म्हटलं, पण त्या लोकांची पंचवीस वर्षं गेली. नवऱ्यानं ते वाचलं आणि भाड्याचा करार अकरा महिन्यांनी वाढवायला सांगितला.

नोव्हेंबरमध्ये साक्षांकित प्रती हातात आल्या. त्या घेऊन दहाव्या-अकराव्या मजल्यावरचे आम्ही पाच जण एकत्र बिल्डरकडे गेलो. ऑफिसातला सूर त्या दिवसापासून बदलला, कारण बोलायला जागाच नव्हती. टेबलावर पालिकेचं पत्र होतं आणि खिडकीतून समोर शेड दिसत होत्या. डिसेंबरमध्ये शेड उतरवल्या गेल्या. जानेवारीत अग्निशमनची पाहणी झाली. मी दर पंधरा दिवसांनी सोमवारी तीनला जाऊन फाइल बघून येत होते, त्यामुळे ती कुठल्या टेबलावर आहे हे मला बिल्डरच्या आधी कळायचं.

15 मार्च 2024 ला भोगवटापत्र निघालं. या वेळी पीडीएफवर समाधान मानलं नाही. पालिकेत जाऊन जावक क्रमांक आणि तारीख फाइलमधल्या प्रतीशी ताडून पाहिली. मग मामांनी आणि मी एकेक ओळ लावून घेतली. सर्व्हे नंबर करारातलाच. विंग बी, मजले 10 आणि 11, सदनिका 8. पत्रात ज्या मंजुरीचा क्रमांक दिलाय ती 2022 ची सुधारित मंजुरी, जुनी नव्हे. हा क्रमांक जुना असता तर वाढीव मजले पुन्हा लटकले असते. मग अटी वाचल्या. एक अट आमच्या कामाची निघाली. पालिकेचं पाणी पुरेसं मिळेपर्यंत पुरवठ्याची जबाबदारी बिल्डरची, तसं हमीपत्र त्यानं पालिकेला दिलेलं. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये घालायचा बेत होता, तो या एका ओळीनं थांबला.

शेवटी नकाशा. 1003 ची गॅलरी नकाशात 1.50 मीटर, जागेवरही तेवढीच. पार्किंगचे चौकोन तळमजल्यावर 34 आणि नव्यानं मागच्या बाजूला दाखवलेले सहा. बी-38 आता त्या सहांत होतं, छताखाली, मार्जिनच्या बाहेर. पण करारातल्या पार्किंगच्या नकाशावर जुनीच जागा होती. ताब्याच्या आधी बिल्डरच्या खर्चानं चूक-दुरुस्तीचा दस्त नोंदवून घेतला. नवव्या आणि त्याखालच्या मजल्यांवरच्या तिघांची पार्किंगंही त्याच शेडखाली होती. त्यांची ओसी ऑगस्टपासून व्यवस्थित, ते तिथे राहतही होते, पण नकाशा कोणीच पाहिला नव्हता. शेड उतरली त्या दिवशी त्यांना कळलं.

विलंबाच्या व्याजाबद्दल मी रीतसर हिशेब करून पत्र दिलं होतं. पूर्ण रक्कम मिळाली नाही. महारेराकडे गेले असते तर कदाचित जास्त मिळाली असती, पण आम्हाला आता घर हवं होतं. दीड लाख शेवटच्या हप्त्यातून वजा आणि एक वर्षाचा मेंटेनन्स माफ, यावर तडजोड झाली, लेखी. 1001 च्या वहिनींनीही मागणी केली. त्यांना ऑक्टोबरमधलं हमीपत्र दाखवण्यात आलं. त्या दिवशी जिन्यात त्या माझ्याशी बोलताना रडल्या आणि मला काय बोलावं ते सुचलं नाही.

8 एप्रिलला, पाडव्याच्या आदल्या दिवशी, 2 लाख 10 हजारांचा चेक दिला. ताबापत्रावर बिल्डरनं ताब्याची तारीख 20 ऑक्टोबर 2023 छापून आणली होती. मी ती खोडली, शेजारी 8 एप्रिल 2024 लिहिलं, दोघांच्या सह्या घेतल्या आणि मग चावी घेतली.